रिपोर्ट आला नाही, कारण पेटी भरली होती

शेजारच्या काकूंनी परवा सकाळी हाक मारली. "अरे, जरा येऊन बघ ना. यांचा शुगरचा रिपोर्ट लॅबवाले म्हणतात कालच ई-मेलने पाठवला. आमच्याकडे तर काहीच नाही. आज डॉक्टरांकडे जायचंय."

काकांचा मोबाईल हातात घेतला. नेट व्यवस्थित होते, ई-मेलचा पत्ताही बरोबर होता. मात्र ई-मेल उघडल्याबरोबर वरच्या बाजूला एक लाल पट्टी दिसली. साठवणुकीची जागा संपली आहे, नवी पत्रे येणार नाहीत, असा तिचा अर्थ. काकांच्या म्हणण्याप्रमाणे ही पट्टी "कधीपासून तरी" होती. जाहिरात असेल म्हणून ते ती रोज बाजूला सारत होते. लॅबने रिपोर्ट खरोखरच पाठवला होता. पण पेटीत जागा नसल्यामुळे तो पाठवणाऱ्याकडे परत गेला होता.

"पण आम्हाला कोण मोठे ई-मेल पाठवतंय?" काकूंचा प्रश्न अगदी रास्त होता. जागा पत्रांनी भरलीच नव्हती. पंधरा जीबीपैकी पत्रांनी जेमतेम दोन जीबी घेतले होते आणि फायलींनी अर्धा. उरलेले साडेबारा जीबी फोटोंचे होते. त्या फोटोंमध्ये सहा हजार चारशे स्क्रीनशॉट निघाले.

मोबाईलचा स्क्रीनशॉट आणि मधुमेहाचा रिपोर्ट यांचा संबंध काय, असे कुणालाही वाटेल. तो संबंध एका खात्यातून येतो. आपल्याकडच्या बहुतेक अँड्रॉइड फोनवर फोटो जपण्याचे काम गूगल फोटोज हे अ‍ॅप करते. त्यातले फोटो, जीमेलमधली पत्रे आणि ड्राइव्हमधल्या फायली या तिघांना मिळून १५ जीबी जागा फुकट मिळते. तीन भावांचे एकच कोठार म्हणा ना. एकाने ते भरून टाकले की बाकीच्या दोघांचीही कोंडी होते. कोठार पूर्ण भरले की नवे फोटो वर चढत नाहीत, ई-मेल जात नाहीत आणि येतही नाहीत. ही अवस्था दोन वर्षे तशीच राहिली, तर आतला मजकूर काढून टाकण्याची मुभा कंपनीने स्वतःकडे ठेवली आहे.

पूर्वी असे नव्हते. २०१५ मध्ये ही फोटो-सेवा सुरू झाली तेव्हा थोडे आवळलेले फोटो कितीही ठेवा, ते मोजले जाणार नाहीत, असा नियम होता. १ जून २०२१ पासून तो बदलला आणि त्यानंतर चढवलेला प्रत्येक फोटो त्या पंधरा जीबीत मोजला जाऊ लागला. नियम बदलला, पण आपली सवय बदलली नाही. मोजदाद नसतानाच्या दिवसांत कधीतरी "या फोल्डरचाही बॅकअप घेऊ का?" या प्रश्नाला आपण 'हो' म्हटले होते. तो 'हो' आजही चालूच आहे.

काकांच्या फोनवर नेमके हेच झाले होते. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याने काढलेले फोटो एका फोल्डरमध्ये जातात आणि स्क्रीनशॉट दुसऱ्या. बॅकअप चालू केला की कॅमेऱ्याचे फोल्डर आपोआप वर जाते. स्क्रीनशॉटचे किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या चित्रांचे फोल्डर आपण परवानगी दिली तरच जाते. पण ही परवानगी एकदाच विचारली जाते, तीही आपण घाईत असताना. त्यानंतर प्रत्येक चित्र वर जाताना कुणी पुन्हा विचारत नाही.

आता या चित्रांचे वजन पाहू. साध्या मोबाईलचा पडदा आडवा १,०८० आणि उभा २,४०० ठिपक्यांचा असतो, म्हणजे जवळपास २६ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग नोंदवायला तीन बाइट लागतात. म्हणजे काहीही न आवळता एक स्क्रीनशॉट पावणेआठ एमबीच्या आसपास जाईल. प्रत्यक्षात तो इतका नसतो, कारण फोन तो आवळून ठेवतो. अनेक फोन त्यासाठी पीएनजी हा प्रकार वापरतात. त्यात एकही ठिपका गमावला जात नाही, फक्त पुनरावृत्ती गाळली जाते. "इथून पुढे शंभर ठिपके पांढरेच" अशी नोंद झाली की शंभर वेळा 'पांढरा' लिहायला नको. त्यामुळे पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या पैसे भरल्याच्या पावतीचा स्क्रीनशॉट दोन-तीनशे केबीत बसतो. पण गुलाबाची फुले, दवबिंदू आणि उगवता सूर्य असलेल्या 'शुभ सकाळ'चा स्क्रीनशॉट घ्या. तिथे शेजारशेजारचे दोन ठिपकेही एकसारखे नसतात. गाळायला काहीच सापडत नाही, आणि तेच बटण दाबून निघालेले चित्र दोन-तीन एमबीचे होते. जेपीजी प्रकार वापरणाऱ्या फोनवर हा आकडा कमी असतो, पण तत्त्व तेच. शुभेच्छा पावतीच्या दसपट जड असतात.

काकांच्या सहा हजार चारशे स्क्रीनशॉटनी मिळून सुमारे चार जीबी घेतले होते. एकाला सरासरी साडेसहाशे केबी. दिवसाला चार-पाच या हिशेबाने ही चार वर्षांची जमा. कुणी विचारले असते तर काकांनी शपथेवर सांगितले असते की आपण स्क्रीनशॉट काढतच नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. काकांच्या कोठारात सगळ्यात जास्त जागा स्क्रीनशॉटनी घेतलेली नव्हती. पाच जीबींहून अधिक जागा व्हिडिओंची होती. पण ते व्हिडिओ कसले? नातवाचे पहिले पाऊल, घरचा गणपती, मुलीच्या लग्नातली वरात. कॅमेऱ्याचे फोटो तीन जीबी, त्यातही असेच जपण्याजोगे. म्हणून साफसफाईसाठी स्क्रीनशॉटच पहिले, असे माझे मत आहे. जागा परत मिळते आणि जीव तुटत नाही.

काकूंचा मुलगा मुंबईहून फोनवर म्हणाला, "तो बॅकअपच बंद करून टाक. कटकट नको." असा सल्ला घरोघरी दिला जातो, आणि तो चुकीचा आहे. २२ जुलै २०२१ ची चिपळूणची सकाळ आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेले नाही. बाजारपेठेत आणि तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरले, तेव्हा कपाटातले अल्बम, कागदपत्रे, औषधांच्या चिठ्ठ्या सगळे चिखलात गेले. पाण्यात गेलेला मोबाईलही बहुधा कामातून जातो. ज्या फोटोची दुसरी प्रत दूर कुठेतरी सुरक्षित आहे, तोच अशा वेळी वाचतो. नियम बदलून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. कोकणात राहणाऱ्याने आपोआप होणारा बॅकअप बंद करावा, असे मी कधीच म्हणणार नाही. बंद करायचे ते फक्त एक फोल्डर.

कारण स्क्रीनशॉट हा मुळात फोटो नाही. ती चिठ्ठी आहे. वाण्याकडे जाताना हातावर लिहून घेतो तशी. गाडीचा डबा कुठला, हापूसची पेटी कितीला सांगितली, हवामान खात्याचा इशारा कोणत्या दिवशीचा, गॅस सिलिंडरचा कोड काय. काम झाले की चिठ्ठीचा जन्म संपतो. यंत्राला मात्र चिठ्ठी आणि लग्नाचा फोटो यांतला फरक कळत नाही. आपण त्याला 'जप' म्हटले आहे, आणि ते चिठ्ठीलाही तितक्याच निष्ठेने जपते.

काकांच्या फोनवर आम्ही काय केले ते क्रमाने सांगतो, कारण क्रम चुकला तर पस्तावायची वेळ येते.

पहिले काम नळ बंद करण्याचे. फोटोंच्या अ‍ॅपमध्ये वर उजवीकडे आपले चित्र किंवा आद्याक्षर असते. त्यावर बोट ठेवून Photos settings, मग Backup, मग Back up device folders इथे गेलो. तिथे फोनमधल्या फोल्डरांची यादी आणि प्रत्येकासमोर एक कळ असते. Screenshots समोरची कळ बंद केली. व्हॉट्सअ‍ॅपच्या चित्रांची कळही चालू होती, काकांना विचारून तीही बंद केली. अ‍ॅपच्या आवृत्तीप्रमाणे ही नावे थोडी पुढेमागे होतात, पण वाट हीच. एक ध्यानात ठेवावे. कळ बंद केल्याने पूर्वी वर गेलेली चित्रे हटत नाहीत. नळ बंद झाला तरी भरलेली टाकी भरलेलीच राहते.

दुसरे काम टाकी उपसण्याचे, आणि सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. काकूंनी मागच्याच महिन्यात Free up space हे बटण दाबले होते. त्यांना वाटले जागा झाली. झालीही, पण फोनमध्ये. ते बटण फोनमधली प्रत काढते, कारण वरची प्रत सुरक्षित आहे. म्हणजे वरच्या कोठारातला एक कणही हलत नाही. फोनच्या गॅलरीतून चित्र काढले तरी बहुतेकदा तसेच होते, फोनमधले जाते आणि वरचे राहते. कोठार रिकामे करायचे तर त्याच अ‍ॅपमधल्या Manage storage या पानावर जावे लागते. तिथे Review and delete या मथळ्याखाली मोठे व्हिडिओ, धूसर फोटो आणि Screenshots असे वेगवेगळे ढीग लावून ठेवलेले असतात.

या पानावरून काढलेले चित्र मात्र वरूनही जाते आणि फोनमधूनही जाते. म्हणून आधी निवड, मग पुसणे. आम्ही दोघे एक तास बसलो. काका ढीग चाळत होते आणि मधूनच थांबून म्हणत होते, "अरे, हे तिकीट २०२२ च्या गणपतीचं!" पावत्या, तिकिटे, पाककृती, शुभ सकाळ, फुटलेल्या बातम्या. ठेवायचे म्हणून निघाले ते सदतीस. बाकीचे बिनमध्ये गेले. वर चढलेली चित्रे तिथे ६० दिवस राहतात, चुकून काही गेले असेल तर तेवढ्या दिवसांत परत आणता येते. शेवटी ई-मेलमधल्या स्पॅम आणि ट्रॅश याही टोपल्या रिकाम्या केल्या, कारण त्यांतला कचराही पंधरा जीबीतच मोजला जातो.

लाल पट्टी गेली. पण रिपोर्ट आपसूक आला नाही. परत गेलेले पत्र जागा झाली म्हणून पुन्हा चालत येत नाही, ते पुन्हा मागवावे लागते. काकूंनी लॅबला फोन केला आणि पाच मिनिटांत रिपोर्ट आला. ज्यांच्या पेटीवर अशी पट्टी काही दिवस होती, त्यांनी त्या काळात कुणाकुणाकडून पत्र येणे होते याची आठवण करून चौकशी करावी. बँक, विमा, दवाखाना, परीक्षा. आपल्याकडे काही आलेच नव्हते हे आपल्याला कळायला दुसरा मार्ग नसतो.

आयफोनवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे स्क्रीनशॉट आणि फोटो एकाच संग्रहात पडतात. अ‍ॅपलच्या आयक्लाउडमध्ये फुकट जागा ५ जीबीच असते, आणि फक्त स्क्रीनशॉट वगळण्याची कळ तिथे नाही. तिथे चिठ्ठी काढतानाच सवय लावावी लागते. स्क्रीनशॉट घेतल्यावर कोपऱ्यात येणाऱ्या छोट्या चित्रावर बोट ठेवायचे, Done दाबायचे आणि Copy and Delete निवडायचे. मग ते चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवून पाठवता येते आणि संग्रहात मात्र पडत नाही. आयओएस १६ पासून ही सोय आहे.

आता त्या ठेवलेल्या सदतीस चित्रांकडे वळू, कारण या सदराचा खरा विषय तिथे आहे. त्यांतली अकरा वैद्यकीय रिपोर्टची होती. काकांनी पीडीएफ उघडून, आकडा दिसतो तेवढ्या भागाचा स्क्रीनशॉट काढला होता. अकरांपैकी चारांवर ना नाव होते, ना तारीख. एकावर एचबीए१सी ७.९ असा आकडा ठळक दिसत होता. तो कुणाचा? काकांचा की काकूंचा? दोघांनाही मधुमेह आहे. कधीचा? एचबीए१सी हा साधारण मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देतो. कुठल्या तीन महिन्यांचा हे माहीत नसेल, तर डॉक्टरांना त्यावरून औषध वाढवायचे की कमी करायचे हे ठरवता येत नाही. दुसऱ्या एका चित्रावर साखर १६२ होती. पण ती उपाशीपोटीची की जेवणानंतरची, हे सांगणारी ओळ पडद्याच्या वर राहून गेली होती. जेवणानंतरची १६२ आणि उपाशीपोटीची १६२ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

म्हणून रिपोर्टचा स्क्रीनशॉट काढूच नये, असे मी म्हणेन. मूळ पीडीएफ ठेवावी. दोन पानांची पीडीएफ बहुधा काही शे केबींचीच असते, आणि तीच दोन पाने पडद्यावरून टिपायला तीन-चार स्क्रीनशॉट लागतात. म्हणजे पीडीएफ हलकी आणि पुरी, स्क्रीनशॉट जड आणि अपुरा. काकांसाठी ड्राइव्हमध्ये एक 'रिपोर्ट' नावाचे फोल्डर केले. नावात वर्ष आणि महिना आधी लिहायचा, उदाहरणार्थ `2025-03-kaka-HbA1c.pdf`. मग यादी आपोआप तारखेच्या क्रमाने लागते आणि डॉक्टरांसमोर बोट सरकवत बसावे लागत नाही.

पैशाच्या पावत्यांचेही असेच. यूपीआयने पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. तसे चित्र बनावटही करता येते, हे दुकानदारांनी अनुभवाने शिकलेले आहे. तक्रार करायची वेळ आली तर बँक व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक मागते, आणि तो अ‍ॅपच्या इतिहासात असतोच. काकांच्या ढिगात अशा दीड हजारांवर पावत्या होत्या. शिवाय आधार कार्ड, पासबुकाचे पहिले पान आणि खात्यातली शिल्लक हेही होते. हेच खाते नातवाच्या टॅबवरही चालू होते. म्हणजे आजोबांची शिल्लक कार्टून बघता बघता कुणालाही दिसली असती.

दोष कुणाचा? 'हो' काकांनीच म्हटले होते, हे खरे. तरीही एक मागणी करावीशी वाटते. बिनमधले चित्र साठ दिवसांनी आपोआप जाते, म्हणजे दिवस मोजून चित्र काढण्याची युक्ती या अ‍ॅपमध्ये आधीपासूनच आहे. मग तीच युक्ती स्क्रीनशॉटला का नको? बॅकअपची परवानगी विचारताना 'कायमचे' आणि 'तीस दिवस' असे दोन पर्याय दिले, तर निम्म्याहून जास्त लोक दुसरा निवडतील असे मला वाटते. जागा संपली की पैसे भरून जादा जागा घ्या, असा निरोप येतो. तो सोपा रस्ता आहे आणि ज्यांचे फोटो, व्हिडिओ खरेच जास्त आहेत त्यांनी तो जरूर घ्यावा. पण २०२२ च्या गणपतीच्या तिकिटाला दरमहा भाडे भरायचे काही कारण नाही.

तोवर हे काम आपणच करायचे. वर्षातून दोनदा पुरते. मी स्वतः पावसाळ्यापूर्वी कौले शाकारायच्या सुमारास एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा करतो.

काकूंचे म्हणाल तर त्या वेळेत दवाखान्यात पोहोचल्या. संध्याकाळी परत आल्यावर त्यांनी मोबाईल पुढे केला. "डॉक्टरांनी नवीन गोळी लिहून दिलीय. चिठ्ठीचा फोटो काढून ठेवलाय हं, स्क्रीनशॉट नाही." मी पाहिले. फोटो कॅमेऱ्याने काढलेला होता, वर तारीख होती, काकांचे पूर्ण नाव होते. तो वर चढला आहे अशी खूणही आली होती.